टपालात हरवलेलं लुगडं आणि दोन सहावारींची एक नऊवारी

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी इलकलला जाऊन नऊवारी घेतली होती. बदामी-ऐहोळे बघायला गेलो होतो, तिथून इलकल फार लांब नाही. बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे आपल्या इरकलीचं माहेर. हल्ली तिथं बहुतेक मागांवर सहावारीच निघते. एका विणकरानं आपल्याकडच्या गिऱ्हाइकासाठी विणून ठेवलेलं एक नऊवारी लुगडं मला दिलं. अंग गर्द हिरवं, काठ तांबडे, पदर तांबडा आणि त्यावर पांढरे कळस. पन्हा पन्नास इंच. पूर्ण सुती, फक्त काठ-पदराला रेशमी धाग्याची चमक.

सुती असण्यावर आजी अडून असते, आणि त्याला कारण आहे. तिचा सगळा पोशाख कापडाच्या घर्षणावर उभा असतो. नऊवारीला परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. कमरेची एक गाठ, खोचलेल्या निऱ्या आणि मागं खोचलेला कासोटा, एवढंच काय ते. सुती कापड स्वतःलाच धरून राहतं. आठवडेबाजारात इरकल म्हणून जे यंत्रमागाचं नायलॉन मिळतं ते दुपारपर्यंत ढिलं पडतं. 'तसलं नेसलं की दिसभर कंबर धरून बसावं लागतं,' असं तिचं म्हणणं.

मी बेंगळुरूला असते आणि आजी माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या एका वाडीत. कार्यक्रमाला मी जाणारच होते. पण कोऱ्या सुती लुगड्याला खळ असते. ते कडक असतं, निऱ्या फुगून उभ्या राहतात आणि कासोट्याचा बोळा होतो. दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय ते अंगाला बसत नाही. म्हणून आईनं सांगितलं, आधी पाठव, मी धुऊन ठेवते. मी पार्सल केलं, पावती घेतली, क्रमांक आईला कळवला.

पार्सल काही दिवस छान पुढं सरकत राहिलं. मग एका नोंदीवर थांबलं: पिशवी रवाना. पुढं काही नाही. मी रोज क्रमांक टाकून बघायची आणि रोज तीच ओळ. ज्या खिडकीवर पार्सल दिलं होतं तिथल्या बाईंनी मला त्या ओळीचा अर्थ समजावून सांगितला, तो कामाचा आहे. पार्सल एकदा पिशवीत गेलं की पुढं नोंद होत राहते ती पिशवीची. पिशवी पुढच्या ठिकाणी उघडली, आतला प्रत्येक नग यादीशी ताडला, की मगच आपल्या क्रमांकाची नवी नोंद दिसते. म्हणजे पिशवी पोचल्याची नोंद आहे आणि पार्सलची नाही, याचा अर्थ पिशवी हरवलेली नाही. आतला नग कमी भरलाय. तो चुकीच्या पिशवीत गेला असेल, नाहीतर त्याच्यावरचा पत्त्याचा कागद निघाला असेल. पहिलं असेल तर उशिरानं का होईना येतं. दुसरं असेल तर ते बिनपत्त्याचं गाठोडं होतं आणि तसली गाठोडी एका वेगळ्या कचेरीत जाऊन उघडली जातात, आत काही पत्ता सापडतो का ते बघायला.

"आत चिठ्ठी आहे का?" बाईंनी विचारलं.

आत चिठ्ठी होती. तिच्यावर 'आज्जीस' एवढंच होतं.

तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. भरपाईचंही त्यांनी सांगून टाकलं. विमा उतरवलेला नसेल तर जी भरपाई मिळते ती टपालखर्चाशी बांधलेली असते, आतल्या वस्तूच्या किमतीशी नाही. लुगड्याचा आणि त्या रकमेचा काही संबंध नाही. वाडीच्या टपाल कचेरीत आई जाऊन आली. ती कचेरी दिवसातले थोडेच तास उघडी असते आणि तिथल्या मास्तरांना आमचं घर, आजी, कार्यक्रम, सगळं माहीत. आलं तर मी स्वतः आणून देतो, म्हणाले. तिथं पोचलं असतं तर हरवायचा प्रश्नच नव्हता.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांच्या जरा वर धरले तर हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात. आजीची जन्मतारीख कुणालाच माहीत नसल्यानं हा हिशोब गुरुजींनी आणि थोरल्या काकांनी मिळून अंदाजानं बसवला होता. पण तारीख एकदा ठरली म्हणजे ठरली. मी इलकलच्या विणकराला फोन केला.

त्यानं सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. इरकलीचं अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, वेगळे तयार होतात. अंगाचा ताणा सुती असला तरी पदराचा रेशमी, म्हणून दोन्हीकडचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात. याला तिकडं कोंडी म्हणतात. लुगड्याची उलटी बाजू उजेडात धरली तर पदर सुरू होतो तिथं हा जोड दिसतो. पण यामुळं होतं असं, की प्रत्येक साडीचा ताणा वेगळा तयार करावा लागतो. साधी साडी विणता विणता आणखी तीन वार वाढवता येते, इरकलीची लांबी ताण्यातच ठरलेली असते. त्याच्या मागावर सहावारीचे ताणे चढलेले होते. ते उतरायचे, मग नऊवारीचा ताणा, रंगवलेलं सूत, कोंडी, विणाई. कार्यक्रमाच्या आत ते होण्यासारखं नव्हतं आणि त्यानं खोटा शब्द दिला नाही.

बेंगळुरूत चिक्कपेटेत इरकल हवी तेवढी मिळते, सगळी सहावारी. नऊवारी मागितली की दुकानदार लगीनघाईतल्या रेशमी साड्या काढतो. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की दोन सहावारी घेऊन दंड घालावा.

दंड घालणं हे आजीच्या पिढीला सांगायला नको. लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. ते मधोमध फाडायचं, विरलेला भाग काढून टाकायचा, आणि दोन्ही टोकांचं धड कापड आत घेऊन एकमेकांना जोडायचं. लुगडं वारभर आखूड होतं पण आणखी वर्ष काढतं. काढलेला भाग वाकळेत जातो. मी लहान असताना आजीच्या अंगावर कोरं लुगडं क्वचित बघितलंय, दंड घातलेली पुष्कळ.

आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "जन्मभर दंडाची लुगडी नेसली त्यांनी. आणि आता एवढा सोहळा करायचा त्या दिवशी तू तेच नेसवणार? माणसं काय म्हणतील?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय देवाच्या कार्याला कोरं, अखंड वस्त्र लागतं अशी आमच्याकडं पद्धत आहे. गुरुजींना विचारलं तर त्यांनी सोपं करून टाकलं. पाटावर बसताना अंगावर एक कोरं उपरणं द्या, लुगड्याचं बघू नका. माझा मुद्दा आईला एवढाच होता, की हा दंड विरलेल्या कापडाचा नाही. दोन्ही कापडं कोरी आहेत आणि जोड दिसणार नाही असा घालीन. ती म्हणाली, दिसला तर बघ.

जोड दिसू नये यासाठी काय काय लागतं ते मी दुकानातच बसून शिकायला सुरुवात केली. पहिली गोष्ट, दोन्ही साड्या एकाच गठ्ठ्यातल्या हव्यात. हिरव्याचे दोन घाणे वेगळे असले तर दुकानाच्या दिव्यात एकसारखे दिसतात आणि उन्हात एक पोपटी मारतो. मी दोन्ही घेऊन दाराबाहेर उजेडात गेले. दुकानदाराला हे नवीन नव्हतं, त्यानं आपणहून तिसरी काढून दिली. दुसरी गोष्ट, काठ. हातमागावरच्या दोन साड्यांचे काठ हुबेहूब सारखे नसतातच. एका काठात चिक्की नावाची बारीक नक्षी सूतभर रुंद, दुसऱ्यात अरुंद. रुमालासारखे एकावर एक ठेवून बघितले. दोन्ही काठांची आतली रेघ जुळणारी जोडी निवडली. पन्हा मात्र शेहेचाळीसच इंच मिळाला. आजी आता वाकलीय, तिची उंची कमी झालीय, त्यामुळं चार इंच कमी पन्हा म्हणजे लुगडं पोटऱ्यांवर थोडं वर राहणार. शेतात राबणाऱ्या बायका तशीच नेसायच्या, म्हणून मी ते चालवून घेतलं.

घरी आल्यावर दोन्ही साड्या एकाच बादलीत भिजवल्या. आधी कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघितला. हिरवा सुटला नाही, तांबडा किंचित सुटला. म्हणून काठ पाण्याबाहेर राहतील अशा बेतानं भिजवल्या आणि लगेच पिळून सावलीत टाकल्या. शिवण्याआधी भिजवणं आवश्यक आहे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि दोन तुकडे वेगवेगळे आटले तर शिवणीवर चुण्या पडतात. मग जोड लपवायला जागाच उरत नाही. वाळल्यावर मोजलं तर दोन्हींचा पन्हा जवळजवळ सारखा आटला होता. एक अर्ध्या इंचानं रुंद राहिली.

आता हिशोब. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी. एक सहावारी साडेपाच मीटरची, त्यात पाऊण मीटरच्या आसपास पदर. पहिली साडी पदरासकट पूर्ण ठेवली, तर दुसरीतून पदर सोडून पावणेतीन मीटर साधं अंग कापून जोडलं की झालं. कापणं कमीत कमी. पण तो जोड नेसल्यावर कुठं येतो? दंड काठापासून काठापर्यंत, पन्ह्यात आडवा असतो. नेसल्यावर तो उभा होतो, निऱ्यांच्या घडीला समांतर. म्हणजे एखाद्या निरीच्या आतल्या घडीत तो गडप होऊ शकतो. नाहीतर ऐन मांडीवर उभी रेघ दिसू शकते.

मला नऊवारी नेसता येत नाही. थोरली काकू रोज नेसते आणि तिची चण साधारण आजीसारखी. तिला व्हिडिओवर घेतलं. तिच्या धुतलेल्या लुगड्याच्या काठाला आतल्या टोकापासून दर अर्ध्या मीटरवर एक रंगीत दोरा बांधायला लावला, प्रत्येक दोऱ्याचा रंग वेगळा. मग म्हटलं, आता नेसा आणि कुठले दोरे दिसतात ते सांगा.

काकूला हा सगळा पोरखेळ वाटत होता, पण तिनं नेसून दाखवलं. पहिले दोन दोरे कमरेच्या आतल्या वेढ्यात गेले. पुढं दीड मीटरपासून साडेचारपर्यंतचे सगळे निऱ्यांत. त्यातले मधले तर निऱ्यांबरोबर उचलून पायांमधून मागं कासोट्यात गेले, पार नाहीसे. त्यानंतरचे बाहेरच्या वेढ्यावर आणि पदरावर दिसत होते. माझा जोड पावणेतीन मीटरवर येणार होता, म्हणजे बरोबर निऱ्यांच्या मध्यावर, जिथले दोरे शोधूनही सापडत नव्हते. मला फार बरं वाटलं. काकूला चार पावलं चालायला लावली, वाकायला लावलं, चुलीपुढं उभी राहून भाकरी थापल्यासारखं करायला लावलं. दोरे दिसले नाहीत.

कापताना कात्री सरळ चालवण्याचा प्रयत्न केला नाही. हातमागाच्या कापडावर आखलेली रेघ सरळ दिसते पण बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, सरळ नसते, आणि तिरकं कापलं तर लुगडं त्या जागी एका बाजूला लोंबतं. त्यासाठी आडवा एक धागा सुईनं उचलून काठापासून काठापर्यंत हळूहळू ओढून काढायचा. तो निघाला की कापडात एक विरळ रेघ पडते, तिच्यावरून कापायचं. धागा मध्येच तुटला तर पुन्हा टोक शोधून ओढायचा. टर्रकन फाडण्याचा मोह होतो, कारण सुती अंग फाडलं तर बाण्याच्या रेघेतच सरळ फाटतं. पण काठाच्या रेशमी धाग्यांपाशी आलं की फाटणं अडकतं आणि काठ खेचला जाऊन वेडावाकडा होतो. पहिल्या साडीचं पदराविरुद्धचं टोकही तसंच धागा ओढून सरळ करून घेतलं.

शिवण कसली घालायची यावर शेजारच्या टेलरकाकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, द्या इकडं, पाच मिनिटांत मशीन मारतो. मशीनची शिवण घट्ट आणि कडक असते, आणि त्यांच्याकडचा पॉलिएस्टरचा दोरा सुती कापडापेक्षा टणक. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड कापतो. म्हणून सुती दोऱ्यानं हातानंच शिवायचं ठरवलं. अंगाला हिरवा दोरा, काठाला तांबडा.

दोन्ही कापडांच्या सुलट बाजू आत, एकावर एक. वरच्या कापडाची कड खालच्यापेक्षा सेंटिमीटरभर मागं. आधी दोन्हीकडचे काठ जुळवून टाचण्या लावल्या, काठाची आतली रेघ रेघेवर आणून. मग मध्य मध्यावर टाचला. ते अर्धा इंच जास्तीचं कापड आता मधल्या भागात राहिलं. ते काठाकडं ढकललं असतं तर काठांची रेघ चुकली असती, आणि डोळा जातो तो काठावरच. मध्ये मात्र टाचणी टाचणीच्या अंतरात थोडं थोडं वाटून दिलं की ते अंगात विरून जातं. शिवताना काठाकडून मध्याकडं आले, दोन्ही बाजूंनी. बारीक उलटी टीप, इंचाला आठेक टाके. टीप झाल्यावर खालचं लांब राहिलेलं कापड वरच्या आखूड कडेवर दुमडून, पुन्हा पालथं पाडून, कापडाला टेकवून हातशिलाईनं बसवलं. यामुळं सुटलेले धागे सगळे आत बंद होतात आणि शिवण चपटी राहते. नऊवारीत हे जास्त महत्त्वाचं, कारण आत परकर नसतो. कापड थेट कातडीला लागतं.

काठाशी दोरा जरा सैल ठेवला. काठाचा रेशमी धागा आणि अंगाचं सूत पाण्यात सारखं वागत नाहीत, तिथं दोरा ताठ असेल तर धुतल्यावर काठ गोळा होतो. हे मला शिवून झाल्यावर एकदा धुऊन बघितल्यावर कळलं. एका बाजूचा काठ आखडला होता, तेवढं उसवून पुन्हा घातलं. मग आणखी एक-दोन पाण्यांतून काढलं, खळ गेली, हाताला मऊ लागायला लागलं. अंथरुणावर पसरून बघितलं. जोड कुठं आहे हे माहीत असूनही मला तो काठावरच्या नक्षीत सूतभर सरकलेल्या एका ठिपक्यावरून शोधावा लागला.

यावेळी ते माझ्या हातातल्या पिशवीतूनच गेलं. रात्रीच्या बसनं साताऱ्याला उतरले, तिथून कोरेगाव, पुसेगाव करत एसटीनं दहिवडी.

पार्सल हरवल्याचं आजीला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे दुसरं आहे, जोडून केलंय. ती ओसरीत पथारीवर बसली होती. लुगडं मांडीवर घेतलं, पदर बघितला, काठावरून अंगठा फिरवत फिरवत निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. तिला दिसत फार कमी. अंगठ्याला जोड लागला होता.

"दंड कुनी घातला?"

"मी."

"मशीनचा न्हाई." हे तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग शिवण उलटी करून नखानं दाबून बघितली. "टीप बारीक हाय. पर हितं कशापायी घातलास?"

मी तिला दोऱ्यांचा सगळा प्रयोग सांगितला. निऱ्यांच्या मधोमध येतो, कासोट्यात जातो, कुणाला दिसत नाही.

"दिसत न्हाई गं, पर मी बसती कशावर?" ती म्हणाली. "कासुट्यात दंड आला की त्येच्यावर बसायचं. तुझी काकू दिसभर हुबी असती. मी हाय का हुबी?"

काकूला मी चालवलं, वाकवलं, भाकरी थापायला लावली. बसवलं नव्हतं. आणि आजीचा दिवस हल्ली बसण्यातच जातो. कितीही चपटी शिवण घातली तरी कासोट्यात निऱ्यांच्या सगळ्या घड्या एकत्र येतात, त्यात शिवणीचे चार पदर वाढले की दोरीसारखा उंचवटा होतो.

मग तिनं दंड कुठं घालायचा ते सांगितलं. ती मीटर-वारात बोलत नाही, हातात बोलते. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, लुगडं अठरा हात. "पदराकडनं आठ हात ठेवायचं. दुसऱ्यातलं धा हात त्येला लावायचं. मग दंड शेवटच्या निरीपाशी येतो, खोचतो तितं. वरनं येढा बसतो. दिसत बी न्हाई आन टोचत बी न्हाई." मी मनात मोजलं. आठ हात म्हणजे तीन मीटर सहासष्ट, दहा हात म्हणजे साडेचार मीटरच्या जरा वर. माझ्याकडच्या दुसऱ्या साडीत पदर सोडून तेवढं कापड होतं. तिच्या हिशोबानं पहिली साडीही कापावी लागली असती, आणि मी तर एकच साडी कापायला मिळाली म्हणून खूश होते. आता बदलायचं म्हटलं तर एकाऐवजी दोन दंड झाले असते.

आई मागून म्हणाली, "आत्याबाई, मग घरातलं दुसरं काढू का उद्याला?"

"कशापायी? नेसायचं कसं त्ये माज्या हातात हाय की."

दुसऱ्या दिवशी ती नेसताना मी आणि काकू दोघी बघत होतो. तिनं आतलं टोक नेहमीपेक्षा हातभर जास्त घेऊन कमरेच्या वेढ्यात घातलं आणि मग गाठ मारली. त्यामुळं निऱ्यांचं कापड हातभर पुढं सरकलं. दंड मध्यावरून निघून पहिल्या निऱ्यांपैकी एकीत, डाव्या मांडीच्या बाजूला गेला. कासोट्याला तिनं मधल्याच निऱ्या उचलल्या, त्यामुळं दंड पुढंच राहिला, घडीच्या आत. त्याची किंमत पदराला मोजावी लागली. डोक्यावरून घेतलेला पदर पाठीवर नेहमीपेक्षा हातभर आखूड झाला. आजी बारीक झालीय, वेढ्याला कापड कमी लागतं, म्हणून एवढ्यावर भागलं. अंगानं भरलेल्या बाईला हे जमलं नसतं.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणं पाटावर कोरं उपरणं पांघरलं, औक्षण झालं, चांदीच्या चंद्राची पूजा झाली. बायका लुगड्याचा काठ चिमटीत धरून कुठलं, केवढ्याचं, असं विचारत होत्या. जोडाचं कुणी काही बोललं नाही. आजीनंच एका दोघींना बोलावून, निरी बाजूला करून, नातीनं घातलेला दंड दाखवला. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

पहिलं पार्सल अजून आलेलं नाही. तक्रार बंद झाल्याचा निरोप आला, ठरलेली भरपाईही मिळाली. आता मी पार्सल करताना पत्त्याची दुसरी प्रत कापडाच्या घडीत ठेवते, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचा फोन घालून. दुसऱ्या साडीतलं दोन मीटर अंग उरलं होतं, त्यातून आजीच्या दोन चोळ्या झाल्या. उरलेल्या पदराचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तो माझ्याकडंच आहे.

मध्ये काकूचा फोन आला होता. आजी ते लुगडं रोजच्याला नेसायला लागलीय. काठाशी मी पुन्हा घातलेले टाके धुऊन धुऊन सैल झाले होते, तर आजीनं काकूकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि चाचपत चाचपत ते स्वतः घातले. काकूनं हिरवा दोरा ओवला होता. तांबड्या काठावर हिरवे टाके दिसतात, उसवून देते, असं काकू म्हणाली, तर आजी म्हणाली, टिकत्यात का त्ये आधी बघू.